मर्जीवर जगणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे: प्रजासत्ताकवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे. रविवारी सकाळी दहा-बारा माणसं जमतात. गेलं वर्षभर आम्ही प्रजासत्ताकवादी राजकीय विचार वाचतो आहोत. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून ती उत्तरं इथे एकत्र लिहून काढली आहेत.

प्रजासत्ताकवाद म्हणजे राजा नसलेलं राज्य, एवढंच ना?

नाही. राजा नसणं हा त्याचा एक भाग झाला. मूळ मुद्दा आहे तो स्वातंत्र्य कशाला म्हणायचं हा. या परंपरेचं उत्तर असं: माझ्या आयुष्यात ढवळाढवळ करण्याची मनमानी ताकद दुसऱ्या कुणाच्या हातात नसेल, तर मी स्वतंत्र. ती ताकद तो वापरतो की नाही, हा पुढचा प्रश्न. ती त्याच्या हातात आहे आणि त्याला विचारणारं कुणी नाही, एवढ्यानंच माझं स्वातंत्र्य गेलेलं असतं. अभ्यासक याला वर्चस्वमुक्तता म्हणतात. मला मात्र हे समजलं ते आपल्या 'मर्जी' आणि 'मिंधेपणा' या दोन शब्दांमुळे. ज्याची मर्जी राखावी लागते त्याच्यापुढे माणूस मोकळा नसतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पण मालक चांगला असेल, कधीच त्रास देत नसेल, तर बिघडलं कुठे?

सगळी परंपरा या एका प्रश्नाभोवती फिरते, म्हणून इथे जरा थांबू.

रोमन कायद्यानं माणसांची पहिली वाटणी केली ती स्वतंत्र आणि गुलाम अशी. गुलाम कोण? ज्याला मारहाण होते तो, असं तो कायदा म्हणत नाही. जो दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे, तो गुलाम. मालक प्रेमळ आहे की क्रूर, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. रोमन नाटककार प्लॉटसच्या एका प्रहसनात ट्रॅनियो नावाचा गुलाम आहे. मालक परदेशी गेलेला आहे आणि ट्रॅनियो घरात हवं ते करतो आहे. त्याला अडवणारं कुणी नाही, रोजचा दिवस मजेत चाललाय. तरीही तो स्वतंत्र आहे असं कुठलाही रोमन प्रेक्षक म्हणाला नसता. मालक दारात येऊन उभा राहिला की संपलं.

आता अशा माणसाचं मन कसं चालत असेल ते बघा. त्याला सतत अंदाज घ्यावा लागतो: आज स्वारी खूष आहे का? हे बोललेलं चालेल का? आपल्याला काय वाटतं हे सांगण्याआधी समोरच्याला काय आवडेल याचा तो हिशोब करतो. मालकानं बोटही उचललेलं नसतं, पण गुलाम स्वतःच स्वतःला कापत, छाटत आलेला असतो. क्वेंटिन स्किनर या इतिहासकाराचं म्हणणं असं की स्वातंत्र्याची ही रोमन समज युरोपात शतकानुशतकं जिवंत होती आणि नंतर उदारमतवादानं ती बाजूला सारली. १९९० च्या दशकात त्यांनी आणि तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी ती पुन्हा चर्चेत आणली.

मग उदारमतवाद नेमका कुठे वेगळा पडतो? तोही स्वातंत्र्यच मागतो की.

मागतो, पण मोजमाप वेगळं आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याचं १६५१ सालचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इटलीतल्या लुका या गणराज्याच्या बुरुजांवर मोठ्या अक्षरांत 'स्वातंत्र्य' असं कोरलेलं होतं. हॉब्ज विचारतो: म्हणून काय लुकाच्या माणसाला कॉन्स्टॅंटिनोपलमधल्या तुर्की सुलतानाच्या प्रजेपेक्षा जास्त मोकळीक आहे? कायदे इथेही आहेत, तिथेही आहेत. कायदा जिथे गप्प आहे तेवढी मोकळीक, मग राज्य कुणाचंही असो.

पाच वर्षांनी जेम्स हॅरिंग्टन या इंग्लिश प्रजासत्ताकवाद्यानं त्याला उत्तर दिलं. त्याचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल: सुलतानाचा मोठ्यात मोठा सरदारसुद्धा स्वतःच्या डोक्याचा केवळ कूळ आहे, आणि तेही धन्याची मर्जी असेपर्यंतच. लुकामधला गरिबातला गरीब माणूस आपल्या जमिनीचा आणि आपल्या डोक्याचा मालक आहे. त्यानं कायदा पाळायचा, पण तो कायदा कुणा एकाच्या लहरीतून आलेला नाही.

कूळ म्हणजे काय हे महाराष्ट्रात सांगायला नको. १९४८ चा कूळकायदा येण्याआधी किती तरी शेतकरी जमीनमालकाची मर्जी असेपर्यंतच ती जमीन कसत होते. मालकानं हाकललं नाही, त्याही वर्षी त्यांना झोप लागत नसे.

हॉब्जच्या वाटेनं पुढे इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथम आला. त्याच्या मते प्रत्येक कायदा ही स्वातंत्र्याची काटछाटच असते. कधी कधी ती फायद्याची असते इतकंच. १९५८ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात तत्त्वज्ञ आयझाया बर्लिननं 'हस्तक्षेपाचा अभाव' या अर्थाला ठाशीव रूप दिलं. या मोजमापानं एखादा दयाळू हुकूमशहा लोकांना भरपूर स्वातंत्र्य देऊ शकतो, आणि बर्लिननं हे मोकळेपणानं मान्यही केलं. प्रजासत्ताकवाद्यांचा आक्षेप याच वाक्यावर आहे: हुकूमशहानं 'दिलेलं' ते स्वातंत्र्य कसलं?

लॉकसारखे काही उदारमतवादी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहेत. सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नये.

रोम आणि लुका राहू द्या. पुण्यातलं एखादं उदाहरण सांगा.

आमच्या घरातलंच सांगतो.

कोथरूडला आमच्याकडे धुणं-भांडी आणि केर-फरशीला मावशी यायच्या. त्यांच्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आईनं त्यांना २०,००० रुपये दिले. व्याज नाही, कागद नाही, 'जमेल तसे फेडा' एवढंच. दरमहा पगारातून १,००० कापायचे असं बोलण्यात ठरलं. आईनं हे मनापासून केलं होतं आणि मावशींनाही त्याची जाण होती.

त्यानंतरचं वर्ष मला आठवतं. मावशींनी पगारवाढीचा विषय काढला नाही. पाहुणे आले की तासभर जास्त थांबायच्या, आणि आई म्हणायची, 'अहो, राहू दे उरलेलं उद्याला,' तरी थांबायच्या. एकदा त्यांना ताप होता. आईला कळलं तेव्हा ती त्यांच्यावर रागावली, सांगितलं का नाही म्हणून. त्या म्हणाल्या, 'ताई, तुमचे पैसे आहेत ना माझ्याकडे.'

हस्तक्षेपाच्या मोजपट्टीनं बघा. आईनं काही मागितलं नाही, धमकावलं नाही, अडवलं नाही. मावशींकडे आधीपेक्षा २०,००० रुपये जास्त होते, म्हणजे पर्याय वाढलेच होते. ती पट्टी सांगेल, सगळं छान आहे. वर्चस्वाच्या पट्टीनं मात्र त्या दिवसापासून आईच्या हातात एक दोरी आली. ती ओढायचा विचारही तिच्या मनात नव्हता, पण ती तिच्याच हातात होती आणि मावशींना ती दिसत होती.

त्याच वर्षी मावशींच्या शेजारणीनं तेवढीच रक्कम वस्तीतल्या बचत गटाकडून घेतली. महिना शेकडा दोन व्याज, उरलेल्या मुदलावर, आणि फेड महिन्याला १,०००. वीस महिन्यांचं एकूण व्याज झालं ४,२०० रुपये. आईची उचल फुकट होती, ही ४,२०० रुपयांनी महाग. पण गटाचे नियम वहीत लिहिलेले होते. हप्ता चुकला की दहा रुपये दंड, तो सगळ्यांना सारखा आणि आधीच माहीत असलेला. कर्ज फिटेपर्यंत गटाच्या अध्यक्षीणबाईंशी गोड बोलत राहायची गरज नव्हती. शेजारीण बैठकीत हिशोबावरून त्यांच्याशी कडाकडा भांडायचीसुद्धा. त्या ४,२०० रुपयांत तिनं विकत घेतलं ते हे भांडता येणं.

म्हणजे मदत करूच नये की काय?

करावी. पण मदत कुठल्या रूपात दिली तर माणूस मिंधा होणार नाही, हा प्रश्न त्याआधी पडला पाहिजे. रक्कम, हप्ता आणि पगारवाढीचा महिना लिहून ठेवला, आणि काम सोडलं तरी हप्ता तसाच चालेल असं ठरवलं, तर तीच मदत निराळी होते. तुमचा चांगुलपणा कमी होत नाही. तो तुमच्या मूडवर टांगलेला राहत नाही, इतकंच.

याहून अवघड गोष्ट अशी की एका घरापुरता लिहिलेला कागद पुरत नाही. समोरचा माणूस पर्याय नसल्यामुळे तुमच्याकडे येत असेल, तर कागद असूनही तो मान खालीच घालेल. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. सुट्टी, पगारवाढ, बोनस या गोष्टी एकेकीनं दारात उभं राहून मागायच्या असतात तेव्हा ती विनवणी होते. सगळ्यांचा मिळून एक दंडक ठरला की तो व्यवहार होतो. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण कल्याण आणि वर्चस्वमुक्तता या दोन गोष्टी एक नव्हेत. मदतीची रक्कम मिळाली तरी 'उद्यापासून येऊ नका' हे तीन शब्द कधीही उच्चारता येत असतील, तर मूळ दुखणं जागेवरच राहतं.

वर्चस्व मोडणारी एखादी संस्था खरोखर उभी राहिली आहे का?

आहे, आणि ती महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. कामगार कायदा म्हणून तो पुष्कळांना माहीत असतो, पण स्वातंत्र्याचा कायदा म्हणून त्याच्याकडे फार कमी जणांनी पाहिलंय.

मार्केट यार्डातल्या हमालाची जुनी अडचण अशी होती की त्याला मालकच नव्हता, आणि तरीही प्रत्येक जण मालक होता. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. कुणीही म्हणावं, आज तू नको. मजुरी किती, कधी मिळणार, पोतं अंगावर पडलं तर काय, हे सगळं व्यापाऱ्याच्या मनावर. रोजगार कायमचा नाही, त्यामुळे इतर कामगार कायदे त्याला लागू पडत नसत.

कायद्यानं मध्ये एक मंडळ उभं केलं. त्यात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्यानं मंडळात नोंदणी करायची, हमालानंही करायची. हमाल टोळीनं काम करतात. कामाचे दर ठरलेले असतात. व्यापारी मजुरी हमालाच्या हातात टेकवत नाही, ती मंडळात भरतो. त्यावर ठराविक टक्के लेव्ही भरतो; तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी यांची सोय होते. हमालाला पैसे मिळतात ते मंडळाकडून.

यात काय बदललं? काम तेच, पोत्याचं वजन तेच, व्यापारीही तोच. पण हमालाची म्हातारपणाची पुंजी आता कुठल्याच एका शेटजींच्या मर्जीवर नाही. शेटजी रागावले तर रागावले. पुण्यात हमाल पंचायत त्याआधीपासून काम करत होती. बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं तेव्हा मजुरीइतकाच भर ताठ मानेवर होता. संघटना आधी आणि कायदा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याकडे नागरी सद्गुणांच्या प्रश्नात येतो.

या व्यवस्थेची खोटही सांगायला हवी. टोळीचा मुकादम कामाच्या वाटपात आपली माणसं पुढे करू लागला, की व्यापाऱ्याच्या जागी मुकादमाची मर्जी येते. माथाडींचं नाव घेऊन औद्योगिक पट्ट्यात खंडणी मागणारे लोकही निघाले, आणि त्यांचा पहिला फटका खऱ्या माथाड्यांच्या अब्रूला बसला. वर्चस्व मोडण्यासाठी उभी केलेली सत्ता स्वतःच बेलगाम होऊ शकते. ओळखायची खूण सोपी आहे: टोळीतला माणूस मुकादमाला सर्वांसमोर 'हे चूक आहे' असं म्हणू शकतो का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळतं का?

सरकारचं काय? शेटजींपेक्षा सरकारची ताकद मोठी.

म्हणूनच ही परंपरा दोन आघाड्यांवर लढते. खासगी वर्चस्व मोडायला राज्य लागतं, आणि तेच राज्य मनमानी होऊ नये म्हणून त्यालाही बांधावं लागतं. कायदा स्वातंत्र्याचा शत्रू नाही, असं म्हणताना अट असते: तो ज्यांच्यावर चालतो त्यांचा त्यावर ताबा हवा, त्याला आव्हान देण्याची जागा हवी.

पुणेकरांना ताजं उदाहरण आहे. महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादांत ते राहून गेलं. त्या काळात मी अनेकदा ऐकलं, 'बरं झालं, नगरसेवकांची कटकट नाही, कामं पटापट होतात.'

कामं झाली असतील, नसतील. त्यावर वाद घालता येईल. पण वर्चस्वाच्या पट्टीनं प्रश्न कामांचा नाहीच. एक अधिकारी अंदाजपत्रक मांडतो, आणि सभागृह म्हणून मंजुरी देणाराही तोच. त्याला भरसभेत उठून कुणी विचारू शकत नाही. तो प्रामाणिक असला तर आपलं नशीब. नशिबावर चाललेला कारभार म्हणजे परत ट्रॅनियोच: मालक बाहेरगावी आहे म्हणून बरं चाललंय. नगरसेवक भ्रष्ट असू शकतो, आळशी असू शकतो, पण पाच वर्षांनी तो दारात येतो. त्याला माझी मर्जी सांभाळावी लागते, ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

नागरी सद्गुण म्हणजे देशासाठी प्राण द्यायची तयारी वगैरे का?

जुन्या गणराज्यांत नागरिक हाच सैनिक होता, त्यामुळे तशीही भाषा सापडते. मला सोळाव्या शतकातला इटालियन विचारवंत मॅकियाव्हेली याचं एक निराळं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. 'प्रिन्स' लिहिणारा तो हाच, पण रोमच्या इतिहासावरच्या आपल्या 'डिस्कोर्सेस' या ग्रंथात तो पक्का प्रजासत्ताकवादी आहे. तो म्हणतो, प्रत्येक शहरात दोन वृत्ती असतात. बड्यांना हुकूम गाजवायचा असतो. सामान्यांना एवढंच हवं असतं की आपल्यावर कुणी हुकूम गाजवू नये. म्हणून स्वातंत्र्याची राखण सामान्यांच्या हाती द्यावी.

राखण करायची कशी, याचं उत्तर देताना तो आरोप आणि कुजबुज यांत फरक करतो. कोरिओलेनस नावाच्या उमरावानं धान्य अडवून लोकांना उपाशी ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा रोममधले लोक त्याला रस्त्यातच मारणार होते. लोकांच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी, ट्रिब्यूनांनी, त्याला रीतसर आरोपाला उत्तर द्यायला बोलावलं आणि दंगल टळली. आरोपाला साक्ष लागते, जागा लागते, आरोप करणाऱ्याचं नाव लागतं. कुजबुजीला यातलं काहीच लागत नाही. जिथे आरोप करायला जागा नसते तिथे कुजबूज माजते, आणि मॅकियाव्हेलीच्या मते त्याच्या स्वतःच्या फ्लॉरेन्स शहराचं वाटोळं होण्यात याचा मोठा वाटा होता.

हे मी एका गृहनिर्माण सोसायटीत अगदी जवळून पाहिलं आहे. एकच सद्गृहस्थ बारा वर्षं बिनविरोध अध्यक्ष. सज्जन, कष्टाळू, पाण्याच्या टँकरसाठी रात्री अकराला गेटवर उभे राहणारे. हिशोबाच्या वह्या त्यांच्या कपाटात. वार्षिक सभेला साठ सदनिकांतून नऊ माणसं. दरम्यान व्हॉट्सॅपवर टँकरवाल्याशी त्यांचं साटंलोटं असल्याची कुजबूज. पुरावा कुणाकडेच नव्हता, कारण वह्या मागायला कुणी गेलंच नव्हतं. १९६० चा सहकारी संस्था कायदा सभासदाला ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क देतो, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायला लावतो. हक्क कागदावर होता; तो वापरणारे हात नव्हते.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं लेखी अर्ज करून टँकरची बिलं मागितली. दोन संध्याकाळी बसून त्यांनी गेटवरच्या नोंदवहीशी ती ताडून पाहिली. सात फेऱ्यांची नोंद जुळत नव्हती. सभेत त्यांनी ते नाव घेऊन, तारखांसकट विचारलं. अध्यक्षांनी उत्तर दिलं: चार फेऱ्या रात्री आल्या तेव्हा पहारेकरी जागेवर नव्हता. उरलेल्या तीन फेऱ्यांची बिलं चुकून दोनदा लागली होती, ते पैसे टँकरवाल्याकडून परत घेऊ. बाईंनी ते मान्य केलं. कुजबूज त्या दिवशी थांबली.

मला नागरी सद्गुण म्हणजे हेच वाटतं. दोन संध्याकाळी देणं, नाव घेऊन बोलणं, आणि उत्तर पटलं तर ते मान्य करणं. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींइतकीच जरुरीची आहे. पेटिटसारख्या आजच्या विचारवंतांसाठी सद्गुण हे स्वातंत्र्याचं साधन आहे: कायदा कितीही चांगला असला तरी तो वापरणारे जागे नसतील तर तो कपाटात राहतो.

यातून 'चांगला नागरिक कसा असावा' हे शिकवणारी दादागिरी नाही का होणार?

होऊ शकते, आणि झालीही आहे. राजकारणात भाग घेणं हेच माणसाचं खरं जीवन, असं मानणारी एक शाखा आहे. समाजाची एकच इच्छा असते आणि विरोध करणारा चुकतोच, अशीही एक आहे. वर्चस्वमुक्ततेची परंपरा या दोन्हींपासून अंतर राखते. तिला तुमचा सण, आहार, श्रद्धा यांत रस नाही. बहुसंख्य लोक जेव्हा अल्पसंख्याकांवर मनमानी करू शकतात तेव्हा तेही वर्चस्वच. म्हणून मतदानाइतकंच आक्षेप घेण्याच्या जागेला महत्त्व आहे.

आणि इतिहासाची लाज लपवू नये. रोमन नागरिकाचं स्वातंत्र्य गुलामांच्या पाठीवर उभं होतं, आणि बायकांना त्यात मत देण्याचाही हक्क नव्हता. आजचे विचारवंत व्याख्या तीच ठेवतात आणि ती सगळ्यांना लावतात.

आपल्याकडे असा विचार कुणी केला आहे का?

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध केली, त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या आरंभी होमरचं एक वचन आहे: माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचा अर्धा सद्गुण जातो. स्वातंत्र्य आणि सद्गुण यांची गाठ याहून थोडक्यात कुणी बांधलेली मला माहीत नाही. फुल्यांना जातिव्यवस्थेत दिसलं ते केवळ दारिद्र्य नव्हे, तर मन वाकवणारी सत्ता.

बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन जागा आवर्जून वाचाव्यात. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये ते विचारतात की राज्याचा हस्तक्षेप नको, हे स्वातंत्र्य नेमकं कुणासाठी? जमीनदाराला खंड वाढवण्यासाठी, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी घटवण्यासाठी. राज्याच्या नियंत्रणापासूनची मुक्तता म्हणजे खासगी मालकाची हुकूमशाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पेटिटच्या पन्नास वर्षं आधी लिहिलेलं हे.

दुसरी जागा म्हणजे २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. मोठ्या माणसाबद्दल कृतज्ञ असावं, पण आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये, हे ते जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन सांगतात. मग आयरिश नेता डॅनियल ओ'कॉनेल याचं म्हणणं आणतात: मानाची किंमत देऊन कुणी कृतज्ञ राहू शकत नाही, आणि स्वातंत्र्याची किंमत देऊन कुठलं राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. मिल तर उदारमतवादी. परंपरांच्या भिंती इतक्या जाड नसतात, हेही यातून दिसतं. पण कृतज्ञतेला मर्यादा घालणारं ते वाक्य वाचलं की मला मावशींचं 'तुमचे पैसे आहेत ना माझ्याकडे' आठवतं.

या विचारावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप कोणता?

दोन आहेत.

पहिला इयन कार्टर आणि मॅथ्यू क्रेमर या तत्त्वज्ञांचा. ते म्हणतात, वेगळी व्याख्या कशाला? मालक चांगला असला तरी 'उलट उत्तर देणं आणि काम टिकवणं' या दोन गोष्टी एकत्र करता येत नाहीत. म्हणजे काही पर्याय बंद आहेतच, आणि ते हस्तक्षेपाच्या पट्टीनंही मोजता येतात. हा आक्षेप ताकदीचा आहे. माझं उत्तर असं: आईसमोर उलट उत्तर दिलं असतं तर आईनं मावशींना खरंच काढलं नसतं. शक्यता मोजत बसलं तर धोका शून्याजवळ येतो. तरी त्या एक वर्ष गप्प राहिल्या. काय घडण्याची शक्यता किती, यापेक्षा कुणाच्या हातात काय आहे यानं ते गप्प राहणं जास्त चांगलं समजतं.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. उद्या गल्लीतले सगळे शेजारी एकत्र आले तर मला त्रास देऊ शकतील. मग मी आजच परतंत्र का? पोलीसही त्यांच्या बाजूनं झाले तर? अशी ताकद जगातून पूर्ण काढून टाकता येत नाही. म्हणून पेटिट एक व्यवहारी कसोटी देतो: माणसाला इतपत संरक्षण आहे का, की त्याच्या समाजाच्या मापानं भिण्यासारखं कारण न उरता तो दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकेल? यात 'इतपत' म्हणजे किती, हे प्रत्येक समाजाला वाद घालूनच ठरवावं लागतं.

तुमच्या घरातल्या त्या उचलीचं पुढे काय झालं?

आईला हे सगळं मी एकदा सांगितलं, तेव्हा तिला वाईट वाटलं. 'मी कधी काही म्हटलं का त्यांना?' असं ती दोन-तीनदा म्हणाली. मग तिनं एक वही केली. उरलेले ७,००० रुपये, हप्ता, दर जूनमध्ये पगारवाढ, महिन्याला दोन हक्काच्या सुट्ट्या, आणि काम सोडलं तरी हप्ता तोच. मावशींच्या मुलीनं ते वाचून दाखवलं, दोघींनी सह्या केल्या, एक प्रत त्या घेऊन गेल्या.

गणपतीत घरी पंधरा माणसं जेवायला होती. चारच्या सुमाराला मावशींनी हात पुसले आणि म्हणाल्या, 'ताई, पातेली उद्या सकाळी. आज मला घरी आरती आहे.' आणि गेल्या.